डबल स्लिटची उदाहरणं: फ्रिंज विड्थ काढायची कशी आणि पट्टे मोजायचे कसे

व्यतिकरणाच्या असाइनमेंटमधलं एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. बारावीच्या वह्या तपासताना ज्या चुका मला वर्षानुवर्षं दिसत आल्या, त्या जवळपास सगळ्या याच एका उदाहरणात भेटतात.

उदाहरण असं: एका अपारदर्शक पत्र्यावर दोन समांतर स्लिट आहेत. प्रत्येक स्लिटची रुंदी ०.०६ मिमी. दोन स्लिटच्या मधल्या अपारदर्शक भागाची रुंदी ०.२४ मिमी. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यांवर पडतो आणि पडदा १.५ मीटरवर आहे. (अ) फ्रिंज विड्थ काढा. (ब) एका बाजूच्या तिसऱ्या तेजस्वी पट्ट्यापासून दुसऱ्या बाजूच्या पाचव्या काळ्या पट्ट्यापर्यंतचं अंतर काढा. (क) विवर्तनाच्या मध्यवर्ती महत्तमात किती तेजस्वी पट्टे दिसतील?

सूत्राकडे वळण्याआधी आकृती काढा. दोन छोट्या फटी आणि त्यांच्यामधला जाड काळा भाग, एवढीच. आता पहिल्या फटीच्या मध्यावर एक टिंब द्या, दुसरीच्या मध्यावर दुसरं. या दोन टिंबांमधलं अंतर म्हणजे d. ते ०.२४ मिमी नाही. पहिल्या फटीचा अर्धा भाग, मधला काळा भाग आणि दुसऱ्या फटीचा अर्धा भाग मिळून d होतो:

```
d = 0.03 + 0.24 + 0.03 = 0.30 mm
```

प्रश्नात ‘दोन स्लिटमधलं अंतर’ एवढंच दिलं असेल, तर ते मध्यापासून मध्यापर्यंतचं मानायचा संकेत आहे. तिथे काही मिळवायचं नाही. पण ‘अपारदर्शक भाग’ किंवा ‘कडांमधलं अंतर’ असे शब्द आले की स्लिटची रुंदी a त्यात मिळवावी लागते. इथे ०.२४ तसंच वापरलं तर फ्रिंज विड्थ ३.७५ मिमी येते. आकडा दिसायला इतका सरळ असतो की चूक झाल्याची शंकाही येत नाही.

आता सूत्र. पडद्यावर मध्यापासून y अंतरावरचा एक बिंदू घ्या. दोन स्लिटपासून त्या बिंदूपर्यंतचे रस्ते थोडे कमीजास्त लांबीचे आहेत. या फरकाला पथांतर म्हणतात आणि कोन लहान असताना ते yd/D इतकं असतं; D म्हणजे स्लिटपासून पडद्यापर्यंतचं अंतर. पथांतर पूर्ण तरंगलांबीच्या पटीत असलं की दोन्हीकडून आलेले तरंग शिखराला शिखर लावून येतात आणि तिथे उजेड पडतो. ते अर्ध्या तरंगलांबीच्या विषम पटीत असलं की शिखराला दरी भेटते आणि तिथे काळोख होतो. म्हणून m क्रमांकाचा तेजस्वी पट्टा y = mλD/d इथे पडतो, आणि लागोपाठच्या दोन तेजस्वी पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर सगळीकडे सारखंच राहतं:

```
β = λD / d
```

ही β म्हणजे फ्रिंज विड्थ. ‘विड्थ’ या शब्दामुळे एका तेजस्वी पट्ट्याची रुंदी असा अर्थ डोक्यात बसतो, आणि मग मुलं विचारतात की काळ्या पट्ट्याची रुंदी वेगळी काढायची का. नाही. β हे अंतर आहे, एका पट्ट्याच्या मध्यापासून त्याच जातीच्या पुढच्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं. काळ्या पट्ट्यांमधलं अंतरही β च असतं.

आकडे घालताना मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावते. तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये, D मीटरमध्ये आणि d मिलीमीटरमध्ये ठेवा, म्हणजे उत्तर आपोआप मिलीमीटरमध्ये येतं. दहाच्या घातांकांची बेरीज-वजाबाकी मनातल्या मनात आधीच जुळलेली असते. ६०० नॅनोमीटर म्हणजे ०.६ मायक्रोमीटर, तेव्हा:

```
β = 0.6 × 1.5 / 0.30 = 3.0 mm
```

असाइनमेंटच्या कागदावर मात्र सगळं मीटरमध्ये करून दाखवा, कारण परीक्षकाला एककं पाहायची असतात. वरची पद्धत ताळ्यासाठी वापरा. दृश्य प्रकाश, एक-दोन मीटरवर पडदा आणि मिलीमीटरच्या काही दशांशाइतका d असेल, तर फ्रिंज विड्थ काही मिलीमीटरच यायला हवी. तुमच्या कागदावर ३ मीटर किंवा ०.००३ मिमी आलं असेल, तर एककाचं रूपांतर कुठेतरी निसटलं आहे. बहुतेक वेळा ही चूक अँगस्ट्रॉममध्ये दिलेल्या तरंगलांबीत सापडते. ६००० अँगस्ट्रॉम म्हणजे ६०० नॅनोमीटर, ६००० नव्हे.

(अ) झालं. (ब) मध्ये भौतिकशास्त्र कमी आणि मोजणी जास्त आहे, पण गुण इथेच जातात. मध्यबिंदूवर तेजस्वी पट्टा असतो आणि त्याचा क्रमांक शून्य. त्यामुळे तिसरा तेजस्वी पट्टा मध्यापासून ३β वर, म्हणजे ९ मिमीवर असतो. काळ्या पट्ट्यांना शून्य क्रमांक नाही. पहिला काळा पट्टा मध्यापासून फक्त अर्ध्या β वर, दुसरा दीड β वर, आणि पाचवा साडेचार β वर, म्हणजे १३.५ मिमीवर. सूत्राच्या भाषेत n क्रमांकाचा काळा पट्टा (n − ½)β वर असतो. इथे (n + ½) लिहिणारे पुष्कळ. पुस्तकात मोजणी कधी शून्यापासून तर कधी एकापासून सुरू केलेली असते, आणि तिथूनच हा घोळ होतो. सूत्र आठवत बसण्यापेक्षा n च्या जागी १ घालून पाहा. उत्तर अर्धा β आलं तर बरोबर.

दोन्ही पट्टे मध्याच्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून अंतरांची बेरीज: ९ + १३.५ = २२.५ मिमी. प्रश्नात ‘एकाच बाजूचे’ असं असतं तर वजाबाकी झाली असती आणि उत्तर ४.५ मिमी आलं असतं. आकृतीत आडवी रेघ ओढून, मधे शून्य लिहून दोन्ही खुणा केल्या की बेरीज की वजाबाकी हे डोळ्यांनाच दिसतं.

याच जातीची आणखी एक खोच. ‘लागोपाठच्या १० तेजस्वी पट्ट्यांपैकी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर’ म्हणजे ९β. दहा खांब रोवले तर त्यांच्यामध्ये गाळे नऊच पडतात. हा खांब आणि गाळ्यांचा हिशेब (क) मध्ये पुन्हा लागणार आहे.

आता (क). इतका वेळ आपण असं मानत होतो की प्रत्येक स्लिट म्हणजे एक रेघ आहे, तिला स्वतःची रुंदी नाही. तसं असतं तर सगळे पट्टे सारख्याच तेजाचे दिसले असते. पण स्लिटला ०.०६ मिमी रुंदी आहे, आणि एका स्लिटच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेले तरंगही आपसात भेटतात. हे विवर्तन. एकट्या स्लिटचा प्रकाश पडद्यावर मधे दाट आणि कडेला विरळ होत जातो, आणि a sinθ = λ या दिशेला पहिल्यांदा पूर्ण शून्य होतो. आपल्या पडद्यावर ती जागा अशी:

```
y = λD / a = 0.6 × 1.5 / 0.06 = 15 mm
```

मध्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी, म्हणजे विवर्तनाचा मध्यवर्ती महत्तम एकूण ३० मिमी रुंद.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा थांबू. सूत्रं दोन असली तरी त्यांचा साचा एकच आहे: λD भागिले एखादी लांबी. d ने भागलं की मोजपट्टीवरच्या खुणांमधलं अंतर मिळतं. a ने भागलं की ती मोजपट्टी ज्या खिडकीतून दिसते तिची अर्धी रुंदी मिळते. स्लिटची रुंदी दोन स्लिटमधल्या अंतरापेक्षा नेहमीच कमी असते, म्हणून खिडकी नेहमी खुणांमधल्या अंतरापेक्षा मोठी येते. तुमच्या कागदावर खिडकी लहान आणि फ्रिंज मोठी आली असेल, तर a आणि d ची अदलाबदल झाली आहे. आणि प्रश्न वाचताना एवढंच स्वतःला विचारा: मला खुणा विचारल्या आहेत की खिडकी?

खिडकी ३० मिमी, खुणा दर ३ मिमीवर. म्हणून पट्टे १०? बहुतेक वह्यांमध्ये हेच उत्तर असतं आणि ते चूक आहे. १० हे गाळे झाले, खांब नव्हेत. खांब मोजायचे तर मध्याचा एक आणि प्रत्येक बाजूला ३, ६, ९, १२ आणि १५ मिमीवर एकेक, असे ११ होतात. पण १५ मिमीवर, म्हणजे बरोबर खिडकीच्या चौकटीवर, विवर्तनाने प्रकाशच शून्य केला आहे. तिथे दोन स्लिटचे तरंग शिखराला शिखर लावून येतील हे खरं, पण मुळात त्या दिशेला दोन्हीपैकी एकाही स्लिटमधून काही येतच नाही. शून्य अधिक शून्य शून्यच. म्हणून दोन्ही कडांचे पाचवे पट्टे गळतात आणि उरतात ९.

गळालेल्या क्रमांकाला ‘मिसिंग ऑर्डर’ म्हणतात. इथे d/a = ५ आहे, म्हणून पाचवा, दहावा, पंधरावा असे क्रमांक गायब होतात. प्रयोगशाळेत हे ओळखायची खूणही सोपी आहे. १२ मिमीवर चौथा पट्टा दिसतो, पुढचा १५ वर दिसत नाही, आणि त्यानंतरचा मंद पट्टा जवळपास १८ वर येतो. दर ३ मिमीला पडणारा ठेका एकदम ६ मिमीने चुकतो. छायाचित्रात असा चुकलेला ठेका दिसला की कितवा पट्टा गळाला ते मोजायचं, आणि d/a हे गुणोत्तर थेट मिळतं.

नऊही पट्टे सारखेच उजळ असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मधल्या पट्ट्याचं तेज १०० धरलं, तर पहिल्याचं साधारण ८८, दुसऱ्याचं ५७, तिसऱ्याचं २५ आणि चौथ्याचं जेमतेम ५ भरतं. म्हणजे प्रत्यक्ष पाहताना चौथा पट्टा नजरेतून सुटून ७ च मोजले जाण्याची शक्यता खूप आहे. असाइनमेंटमध्ये सैद्धांतिक संख्या ९ लिहायची. प्रयोगवहीत ७ दिसले असतील तर ७ च लिहा आणि शेवटचे मंद असल्याची नोंद करा.

पुस्तकांत पट्ट्यांच्या संख्येसाठी 2d/a − 1 असं तयार सूत्र दिलेलं असतं. आपल्या उदाहरणात ते ९ देतं आणि बरोबर देतं, तरी ते पाठ करू नये असं मी आग्रहाने सांगेन. समजा d/a = ४.५ असतं. सूत्र म्हणतं ८. पण पट्टे मध्याभोवती जोडीजोडीने येतात, त्यात मध्याचा एक मिळवला की एकूण संख्या विषमच असायला हवी. ८ शक्यच नाही. खरी पद्धत अशी: d/a पेक्षा काटेकोरपणे लहान असलेली सगळ्यात मोठी पूर्ण संख्या घ्या, तिची दुप्पट करा आणि १ मिळवा. ४.५ साठी ती पूर्ण संख्या ४, म्हणून पट्टे ९. ५ साठीही ती ४ च, कारण स्वतः ५ गळतो, म्हणून तिथेही ९. तयार सूत्र फक्त d/a पूर्ण संख्या असतानाच चालतं.

मुख्य उत्तरं झाली. आता याच मांडणीत एकेक गोष्ट बदलून पाहू, कारण असाइनमेंटचे उरलेले प्रश्न बहुधा असेच येतात, आणि खुणा व खिडकी हे दोन शब्द हाताशी असतील तर त्यांतले निम्मे आकडेमोड न करताच सुटतात.

सगळी मांडणी पाण्यात बुडवली तर? पाण्याचा अपवर्तनांक ४/३ धरला तर तरंगलांबी ६०० वरून ४५० नॅनोमीटर होते आणि फ्रिंज विड्थ २.२५ मिमी. इथवर सगळे येतात. पण ‘पट्ट्यांची संख्या किती होईल’ असं विचारलं की पट्टे दाटल्यामुळे जास्त मावतील असं उत्तर येतं. खिडकीही त्याच तरंगलांबीने ठरते, म्हणून तीही तेवढ्याच प्रमाणात आकसते. पट्टे ९ च. पडदा दूर नेला तरी तेच: खुणा आणि खिडकी दोन्ही सारख्याच पसरतात.

d तसाच ठेवून प्रत्येक स्लिटची रुंदी निम्मी केली तर? आता खुणा जागच्या जागी राहतात, खिडकी दुप्पट म्हणजे ६० मिमी होते, d/a = १० होतं आणि पट्टे १९. त्याबरोबर मधल्या पट्ट्याचं तेज पावपट होतं, कारण प्रत्येक स्लिटमधून येणाऱ्या तरंगाचा आयाम निम्मा होतो आणि तेज आयामाच्या वर्गावर अवलंबून असतं.

दोन तरंगलांब्यांचा प्रकाश एकाच वेळी सोडला, समजा ६०० आणि ४५० नॅनोमीटर, तर त्यांचे तेजस्वी पट्टे मध्याखेरीज सगळ्यात जवळ कुठे एकमेकांवर येतील? फ्रिंज विड्थ अनुक्रमे ३ आणि २.२५ मिमी. दोघींच्या पूर्ण पटीत येणारं सगळ्यात लहान अंतर हवं:

```
3 × 600 = 4 × 450 = 1800
y = 3 × 3.0 = 4 × 2.25 = 9 mm
```

उत्तर ९ मिमी. तरी इथे थांबू नका, खिडकी तपासा. ४५० नॅनोमीटरसाठी खिडकीची कड ११.२५ मिमीवर आहे, म्हणजे ९ मिमी आत पडतं आणि पट्टा खरोखर दिसेल. जर एकत्र येण्याची जागा एखाद्या तरंगलांबीच्या गळालेल्या क्रमांकावर आली, तर कागदावरचं उत्तर बरोबर असूनही पडद्यावर तिथे एकच रंग उरतो. आणखी एक गमतीची गोष्ट या दोन आकड्यांत दडली आहे. दोघींचे काळे पट्टे कधीतरी एकत्र येतील का? त्यासाठी ४ गुणिले विषम संख्या बरोबर ३ गुणिले विषम संख्या व्हायला हवी. डावीकडे सम, उजवीकडे विषम; कधीच जमणार नाही. म्हणून या जोडीचे काळे पट्टे पडद्यावर कुठेही एकमेकांवर येत नाहीत.

शेवटी, λD/d हे सूत्र कुठवर चालतं ते पाहू, कारण कठीण म्हणून दिलेल्या प्रश्नात हीच मर्यादा तपासलेली असते. त्यात लहान कोनासाठी sinθ आणि tanθ सारखेच मानले आहेत. आपल्या उदाहरणात चौथा पट्टा १.५ मीटरवर १२ मिमी बाजूला आहे, म्हणजे tanθ ०.००८, चूक नगण्य. पण प्रश्नात d = २ मायक्रोमीटर आलं, तर पहिल्याच पट्ट्यासाठी sinθ = ०.३ होतं. साधं सूत्र त्याची जागा ०.३D सांगतं, प्रत्यक्षात ती ०.३१४D असते. तिसऱ्या पट्ट्यासाठी sinθ = ०.९, सूत्र ०.९D सांगतं, तर खरी जागा २ D च्याही पुढे जाते. आणि चौथा पट्टा अस्तित्वातच नाही, कारण त्यासाठी sinθ १.२ व्हावा लागेल. तेव्हा d मिलीमीटरऐवजी मायक्रोमीटरमध्ये दिसला की β चं सूत्र बाजूला ठेवा, d sinθ = mλ वरून प्रत्येक पट्ट्याचा कोन वेगळा काढा आणि मग y = D tanθ लिहा. तिथे पट्ट्यांमधली अंतरं सारखी राहत नाहीत, म्हणून ‘फ्रिंज विड्थ’ असा एकच आकडा देताच येत नाही.